सर्व्हरलेस सेवेतील ग्राहक-विलगीकरण : कंटेनर ते मायक्रोव्हीएम (२०१४-२०१८)

ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लॅम्ब्डा’ ही सेवा जाहीर केली. ग्राहकाने केवळ आपला प्रोग्राम द्यावा. तो कोणत्या संगणकावर चालवायचा हे कंपनीने ठरवावे, असे तिचे स्वरूप होते. साहजिकच परस्परांस अपरिचित ग्राहकांचे प्रोग्राम एकाच यंत्रावर येणार होते. त्यांच्यामध्ये भिंत कोणती असावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभी एकाच ग्राहकाचे प्रोग्राम लिनक्स कंटेनरने वेगळे केले जात. परंतु प्रत्येक ग्राहकास स्वतंत्र आभासी यंत्र दिले जाई. यात अपव्यय मोठा होता. १२८ एमबी स्मृतीचा एखादा प्रोग्राम दिवसातून काही क्षण चालला, तरी त्याच्यासाठी संपूर्ण आभासी यंत्र अडकून पडे.

मग अनेक ग्राहकांचे कंटेनर एकत्र का ठेवले नाहीत? कारण सर्व कंटेनर यजमान यंत्राचा एकच कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, वापरतात. २०१६ मध्ये उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा दोष लिनक्स कर्नलमध्ये सुमारे नऊ वर्षे दडलेला होता. केवळ वाचण्यासाठी असलेल्या स्मृतीत त्यायोगे लिहिता येई आणि कंटेनरची मर्यादा ओलांडणेही शक्य होई. प्रोग्रामने कर्नलला करावयाच्या विनंत्यांवर बंधने घालता येतात. पण बंधने वाढली की ग्राहकांचे निरुपद्रवी प्रोग्रामही बंद पडू लागतात. खरी अडचण हीच होती.

गूगलने मे २०१८ मध्ये खुल्या केलेल्या ‘जीव्हायझर’ने या विनंत्या मध्येच अडवून त्या स्वतंत्र, सुरक्षित भाषेत लिहिलेल्या गाभ्याकडे वळविल्या. ॲमेझॉनने वेगळा मार्ग धरला. लिनक्समधील केव्हीएम ही आभासीकरणाची सोय तिने कायम ठेवली. मात्र तिच्यावरील ‘क्यूएमू’ हा प्रोग्राम टाळला. चौदा लाखांहून अधिक ओळींच्या क्यूएमूऐवजी, गूगलच्या ‘क्रॉसव्हीएम’पासून निघालेला, रस्ट भाषेतील सुमारे पन्नास हजार ओळींचा ‘फायरक्रॅकर’ नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला. त्याच्या मायक्रोव्हीएममध्ये जाळे, साठवण आणि आणखी मोजकीच उपकरणे असतात. कळफलकाचा नियंत्रक ठेवला, तोही केवळ यंत्र बंद करण्यासाठी!

प्रत्येक ग्राहकाच्या प्रोग्रामला आता स्वतःचा कर्नल मिळाला. फायरक्रॅकरच्या निर्मात्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार प्रत्येक यंत्रामागे क्यूएमूचा अतिरिक्त स्मृतिभार सुमारे १३१ एमबी, तर फायरक्रॅकरचा सुमारे ३ एमबी होता. म्हणजे १२८ एमबीच्या प्रोग्रामला पूर्वी त्याच्याहून मोठे वेष्टन लागले असते. यंत्र सुरू होण्याचा काळही सुमारे १२५ मिलिसेकंदांवर आला.

कंटेनरचे तंत्र मात्र टाकून दिले गेले नाही. फायरक्रॅकरलाच ‘जेलर’ नावाचा प्रोग्राम त्याच तंत्राने कोंडतो; आतली भिंत फुटली तर बाहेर दुसरी उभी असते. तथापि, जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’सारख्या दोषांपुढे दोन्ही भिंती अपुऱ्या ठरतात, कारण तेथे गळती प्रोसेसरमधूनच होते. म्हणूनच परस्परांस अपरिचित ग्राहक एकत्र ठेवताना एका गाभ्यावर दोन धागे चालविणारी प्रोसेसरची सोय बंद ठेवावी, अशी सूचना फायरक्रॅकरच्या दस्तऐवजात आढळते.