अविश्वसनीय निवेदक

कथा-कादंबरीत ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणारे असे पात्र, ज्याच्या सांगण्यावर वाचकाने पूर्ण विसंबू नये अशी सोय लेखकाने संहितेतच करून ठेवलेली असते. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली ही संज्ञा रूढ केली. तंत्र त्याहून पुष्कळ जुने आहे. असा निवेदक खोटारडाच असतो असे नाही. तो भाबडा असेल, आजारी असेल, लहान मूल असेल, किंवा स्वतःची बाजू सावरण्यात इतका गुंतलेला असेल की आपण काय गाळतो आहोत हे त्यालाही उमगत नसेल. लेखक आणि वाचक त्याच्या पाठीमागे एकमेकांकडे पाहतात. ही नजरानजर झाली नाही तर तंत्र फसले, आणि कथा नुसतीच ‘मी’ची कैफियत होऊन बसली.

वाचकाचा विश्वास बसतो तो मुख्यतः नाइलाजाने. घडलेले कळायला दुसरी वाटच नसते. कोण कधी आले, काय बोलले, खोलीत उजेड किती होता, सगळे त्या एकाच तोंडून कळते. शिवाय तो आधी स्वतःच्या एखाददुसऱ्या बारीक दोषाची कबुली देतो आणि त्या कबुलीच्या जोरावर मोठी गोष्ट पचवून जातो. तपशील अचूक असला की निष्कर्षही अचूक असेल असे आपण धरून चालतो. मराठीत याला व्याकरणाचीही साथ मिळते. ‘मी पाडले’ न म्हणता ‘पडले’, ‘मी विसरलो’ न म्हणता ‘राहून गेले’, ‘मी मारले’ न म्हणता ‘हात उचलला गेला’ असे आपण दिवसभर बोलतो, त्यामुळे कर्ता गायब झाल्याचे कानाला खटकत नाही.

हे जवळून पाहण्यासाठी एक उतारा पुढे रचून दिला आहे. स्थळ इचलकरंजी, निवेदक यंत्रमागाच्या कारखान्यातला दिवाणजी. या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला आणि पुढे गावच मागांवर उभे राहिले. मागवाल्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर आणि पिकाच्या दरावर ठरते. मीटरची नोंद वहीत असते, आणि या कारखान्यात वही दिवाणजीच्या हातात आहे.

‘कारखान्याची किल्ली माझ्याकडं असायची, शेठजींचा तेवढा विश्वास. त्या आठवड्याचा हिशेब करताना सुभानाच्या दोन मागांच्या मीटरात जरा फरक राहून गेला. फार नव्हता. सुभाना तसा समजूतदार, त्याला मी सांगितलं आणि पटलं, काही बोललासुद्धा नाही. त्याच्या बायकोनं मात्र गेटवर उगाच तमाशा केला. म्हणे तीन आठवडे! तीन आठवडे कुठले? मी त्याच रात्री वही शेठजींच्या घरी नेऊन दाखवली. वाटेत पाऊस लागला, शेवटची पानं चिकटली, ती काढून टाकावी लागली. सोमवारपासून सुभाना कामावर आला नाही. मी त्याला काढलं असं लोक म्हणतात. मी कशाला काढीन? त्याच्या पोरांची नावं मला तोंडपाठ आहेत.’

पहिल्या वाचनात मनात राहतो तो एक साधा, विश्वासू, जरा दुखावलेला माणूस. दुसऱ्यांदा फक्त क्रियापदे पाहावीत. सुभानाला सांगितले ‘मी’, वही नेऊन दाखवली ‘मी’. फरक मात्र ‘राहून गेला’ आणि पाने ‘काढून टाकावी लागली’. जिथे पुण्य आहे तिथे कर्ता हजर, जिथे जबाबदारी आहे तिथे क्रियापद एकटे. असे एकदा झाले तर ती बोलण्याची लकब समजावी. प्रत्येक अडचणीच्या जागी तेच झाले, तर ती लेखकाने ठेवलेली खूण असते.

मग काळ मोजावा. ‘त्याच रात्री’ म्हणजे कोणत्या रात्री? हिशेब केला त्या, की गेटवर तमाशा झाला त्या? पहिली असेल तर दिवाणजीने आपणहून वही दाखवली. दुसरी असेल तर बोभाटा झाल्यावर दाखवली, आणि मधल्या दिवसांत वही त्याच्याकडेच होती. वाक्याची रचना अशी की वाचक नकळत पहिली रात्र धरतो. पाने कधी काढली, शेठजींनी पाहण्याआधी की नंतर, हेही त्याच धुक्यात आहे. सरळ निवेदकालाही क्रम नेहमी आठवत नाही. पण संशयाच्या नेमक्या त्याच बिंदूवर क्रम पुसट झाला तर थांबावे.

सगळ्यांत बोलकी जागा म्हणजे ‘तीन आठवडे’. हा आकडा दिवाणजीचा नाही, बायकोचा आहे, आणि तो ‘म्हणे’ लावूनच आत आला आहे. ‘म्हणे’ हा आपल्याकडे दुसऱ्याचे बोलणे सांगता सांगता उडवून लावायचा तयार मार्ग आहे. पण उडवण्यासाठी आधी सांगावे लागते, आणि तिथेच दुसऱ्या बाजूचा पुरावा कथेत शिरतो. आकडा चुकीचा असेल तर बरोबर आकडा द्यायला दिवाणजीला कोणी अडवले नव्हते, वही त्याचीच होती. तो फक्त ‘कुठले?’ म्हणतो. निवेदकाने परक्याचे शब्द नाइलाजाने उद्धृत केले की ते त्याच्या स्वतःच्या शब्दांपेक्षा जास्त गंभीरपणे वाचावेत. उलट सुभानाचे एकही वाक्य येत नाही, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मात्र आपल्याला दिला जातो. ज्याची मजुरी बुडाली तो समजूतदार, आणि जी बोलली ती तमाशा करणारी, ही वाटणी दिवाणजीची आहे.

शेवटी न विचारलेला प्रश्न. काढले का, असे उताऱ्यात कोणी विचारलेले नाही. उत्तर तयार आहे. आणि पुरावा काय, तर पोरांची नावे. ती पाठ असणे खरेच असेल, पण त्याचा मीटरशी संबंध नाही. बिनकामाचा नेमका तपशील अशा वेळी वातावरण तापवतो, मुद्दा मात्र जागच्या जागी राहतो.

आता वाचकाने दुसऱ्या टोकाला जाऊ नये. या उताऱ्यावरून दिवाणजीने पैसे खाल्ले असे सिद्ध होत नाही. शेठजींच्या सांगण्यावरून मीटर कमी लावले गेले असतील, आणि हा माणूस मालकाचे नाव न घेता सारे स्वतःच्या अंगावर वळवत असेल. पहिल्याच वाक्यातला ‘शेठजींचा तेवढा विश्वास’ तसेही वाचू देतो. फरक एकाहून जास्त आठवड्यांचा असावा याला उताऱ्यात आधार आहे. पैसे कोणी घेतले याला नाही. अविश्वसनीय निवेदकाच्या मागे ‘खरी गोष्ट’ आख्खी लपलेली असते आणि ती उकरून काढायची, हा समज डिटेक्टिव्ह कथांनी लावलेला आहे. बहुतेक चांगल्या कथांत हाती लागते ते एवढेच की कोणत्या जागी सांगणे टिकत नाही.

मराठीत या तंत्राची ओळख वाचकाला प्रथम विनोदातून झाली. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आपल्या फजित्या गंभीर चेहऱ्याने सांगतो, आणि त्याच्या आधी वाचकाला त्या कळलेल्या असतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तला गिरगावकर कारकून धोंडो भिकाजी जोशी त्याच घराण्यातला. इथे अविश्वास निरुपद्रवी आहे. निवेदकाला जग कळत नाही एवढेच आपण वजा करायचे, बाकी हिशेब चोख असतो. पु. ल. १९७४ साली इचलकरंजीला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. योगायोग असा की त्याच वर्षी किरण नगरकर यांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ आली. तिच्या शीर्षकातच पाढा चुकलेला आहे आणि आत काळाचा क्रम तसाच विसकटलेला.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३) प्रकरण अधिक अवघड आहे. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर पंचविसाव्या वर्षी मागे वळून बोलतो, आणि बोलताना ‘उदाहरणार्थ’ व ‘वगैरे’ सतत पेरतो. हे शब्द वरवर पाहता अविश्वासाची कबुली आहेत: मी सांगतो ते नमुन्यादाखल, बाकीचे सोडून दिले आहे. परिणाम मात्र उलटा होतो. स्वतःच्या सांगण्याला किंमत न देणारा माणूस आपल्याला प्रामाणिक वाटतो, आणि त्या भरवशावर वडिलांविषयीचे त्याचे सगळे निवाडेही आपण न तपासता घेतो. वडिलांना आपण फक्त मुलाच्या रागातून पाहतो. त्याच वेळी पुण्यातला त्याचा खर्च घरून चालत असतो, ही गोष्ट तोच सांगतो आणि तिच्यापाशी रेंगाळत नाही. या कादंबरीचे दुसरे वाचन या पैशाच्या बाजूने करावे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या भागात बेफिकिरीचा सूर टिकत नाही. तो सूर चिलखत होता हे तिथे कळते, आणि आधीची पाने मनात नव्याने लागू लागतात. हा अविश्वसनीय निवेदक म्हणावा का, यावर मतभेद होऊ शकतात. तो घटना फिरवत नाही, त्यांचे वजन फिरवतो.

प्रत्येक फट या तंत्राची नसते, हेही नोंदवले पाहिजे. लेखकाच्या हातून वार चुकतो, हप्त्यांनी छापलेल्या कादंबरीत पात्राचे वय मागेपुढे होते. चूक आणि खूण वेगळी काढायची तर दोन गोष्टी पाहाव्यात: फट निवेदकाच्या सोयीच्या बाजूनेच पुन्हा पुन्हा पडते का, आणि तिला छेद देणारा एखादा तपशील लेखकाने दुसरीकडे ठेवला आहे का. दोन्ही नसतील तर संशय आवरावा. खऱ्या माणसाच्या आठवणींना ही संज्ञा लावताना तर आणखी जपावे, कारण तिथे पाठीमागून खुणावणारा वेगळा लेखक नसतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत उत्तरेत फिरले, झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि पुष्कळ वर्षांनी त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. त्यात डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले एकाच ओघात येते. ती गल्लत स्मरणाची आहे, डावपेच नव्हे. शिवाय १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी हे पुस्तक छापले ते संपादकाचा हात फिरवून. मुळाबरहुकूम पाठ १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी प्रसिद्ध केला. त्यामुळे भटजींनी अमुक गोष्ट का गाळली, हा प्रश्न विचारण्याआधी हातातली प्रत कोणती हे पाहावे लागते.