कोल्ड ते वॉर्म: मधल्या पायरीचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता पोरखेळ वाटेल. इंग्रजीतला कोल्ड हा शब्द घ्यायचा आणि एका वेळी एकच अक्षर बदलत त्याचा वॉर्म करायचा. अट एवढीच, की मधे जो जो शब्द तयार होईल तो खरा असला पाहिजे, शब्दकोशात सापडला पाहिजे. या एका अटीचा इतिहास आज मला सांगायचा आहे. तो एका नाताळात सुरू होतो आणि रोगजंतूंच्या प्रयोगशाळेत पोहोचतो.

१८७७ सालचा नाताळ. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन यांच्या ओळखीच्या दोन बहिणी होत्या, ज्युलिया आणि एथेल अर्नोल्ड. त्यांनी तक्रार केली की करायला काहीच नाही, कंटाळा आलाय. डॉजसननी त्यांच्यासाठी एक नवा खेळ रचला. हेच डॉजसन म्हणजे 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणारे लुईस कॅरल. आधी त्यांनी या खेळाला 'वर्ड-लिंक्स' म्हटलं, पुढे नाव पडलं 'डब्लेट्स'. मार्च १८७९मध्ये लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात तो छापून आला, वाचकांसाठी स्पर्धा सुरू झाली आणि त्याच वर्षी मॅकमिलननं त्याची पुस्तिका काढली.

नियम साधे होते. सारख्या लांबीचे दोन शब्द द्यायचे. मधल्या शब्दांना म्हणायचं दुवे आणि सगळी मिळून झाली साखळी. जितके दुवे कमी, तितकं उत्तर चांगलं. पण मधला शब्द 'खरा' आहे हे ठरवायचं कुणी? कॅरलनी दंडक घातला की दुवा म्हणजे सभ्य लोकांच्या बोलण्यात येऊ शकेल असा इंग्रजी शब्द. तेवढ्यानं भागेना, म्हणून चालणाऱ्या शब्दांची एक यादीच त्यांना द्यावी लागली. म्हणजे खेळाचा प्राण कशात आहे हे पहिल्यापासूनच दिसत होतं. दोन टोकं कुणीही सुचवील, भांडण होणार ते मधल्या शब्दावरून.

आता आपली शिडी बघू. आज सर्वात जास्त सांगितलं जाणारं उत्तर हे:

```
COLD
CORD
CARD
WARD
WARM
```

कॉर्ड म्हणजे दोरी, कार्ड सगळ्यांना माहीत आहे, वॉर्ड म्हणजे रुग्णालयातला किंवा नगरपालिकेतला. चार अक्षरं, चार बदल. याहून लहान शिडी होऊच शकत नाही, कारण कोल्ड आणि वॉर्म यांची चारही अक्षरं वेगळी आहेत. प्रत्येक अक्षर निदान एकदा बदलावंच लागणार आणि इथे ते बरोब्बर एकदाच बदललंय.

मग मला प्रश्न पडला, हा एकच मार्ग आहे का? चार बदल कोणत्या क्रमानं करायचे याच्या शक्यता चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे २४. कागद घेतला आणि सगळ्या मांडून पाहिल्या. तुम्हीही मांडून पाहा, अर्धा तास पुरे.

पहिल्याच पावलाला बरेचसे मार्ग बंद होतात. पहिलं पाऊल चार प्रकारे टाकता येतं: CORD, WOLD, CALD किंवा COLM. शेवटचे दोन इंग्रजीत शब्दच नाहीत. वोल्ड म्हणजे उघडं माळरान, शब्द जुना आहे पण खरा आहे. म्हणजे चार दारांपैकी दोनच उघडी. आता दुसऱ्या टोकाला जाऊ आणि वॉर्मकडून मागे पाहू. त्याच्या अलीकडची पायरीही चारांपैकी एक असणार: WARD, WORM, WALM किंवा CARM. इथेही पहिले दोनच खरे शब्द. शिडी सोडवणारा सराईत माणूस असाच दोन्ही टोकांकडून येतो. दोन्हीकडची बंद दारं आधी कळली की मधला भाग लहान उरतो.

मधे काय उरतं? WORD, CARD आणि CORM, म्हणजे केशराच्या रोपाचा असतो तसला कंद. या शब्दांवरून जाणारे मार्ग मोजले तर कॉर्डपासून चार निघतात आणि वोल्डपासून दोन. एकूण सहा. चोवीसांतले अठरा मार्ग कुठे ना कुठे मोडतात, कारण तिथली एखादी पायरी निरर्थक असते.

यात एक गंमत राहून जाते. CALM, म्हणजे शांत, हा शब्द अगदी मधोमध आहे. त्याची दोन अक्षरं कोल्डची आणि दोन वॉर्मची. शब्द खरा, नेहमीच्या वापरातला. पण चार पावलांत जायचं तर त्याच्यावरून जाता येत नाही. त्याच्यापर्यंत नेणाऱ्या दोन्ही पायऱ्या, CALD आणि COLM, शब्द नाहीत आणि त्याच्या पुढच्या दोन्ही, WALM आणि CARM, त्याही नाहीत. घर छान आहे, पण रस्ता नाही. पायरी खरी असणं पुरत नाही, तिच्या शेजारची पायरीही खरी असावी लागते.

कोल्ड ते वॉर्म ही शिडी तशी सोपी, कारण दोन्ही शब्दांचा सांगाडा एक आहे: व्यंजन, स्वर, मग दोन व्यंजनं. स्वराच्या जागी स्वर आला की झालं. कॅरलचं गाजलेलं कोडं यापेक्षा अवघड आहे: एपपासून मॅन, म्हणजे वानरापासून माणूस. एपमध्ये स्वर दोन्ही कडांना आहेत, मॅनमध्ये तो मधे आहे. अक्षरं तीनच, पण तीन पावलांत काम होत नाही, पहिलं सरळ पाऊलच पडत नाही. स्वराला जागा बदलायला वळसा घ्यावा लागतो. कॅरलचं उत्तर असं:

```
APE  ARE  ERE  ERR  EAR  MAR  MAN
```

तीन अक्षरांसाठी सहा पावलं. यातला EAR, म्हणजे कान, नीट बघा. त्यात दोन स्वर शेजारी शेजारी आहेत, कडेचा आणि मधला. कडेचा स्वर जाण्याआधी मधला येऊन बसलाय. असा पुलासारखा शब्द भाषेत नसता तर वानराचा माणूस झाला नसता. अडकलात तर असा पूल शोधायचा.

मराठीत हा खेळ वेगळा का होतो, तेही इथे कळतं. आपला स्वर बहुतेक वेळा मात्रा होऊन व्यंजनाला चिकटलेला असतो. त्यामुळे देवनागरीतलं पूर्ण अक्षर हे एकक धरलं तर स्वर-व्यंजनांच्या जागांची अडचण फारशी उरत नाही. 'थंड' दोन अक्षरी आणि 'गरम' तीन अक्षरी, म्हणून ती जोडी बाद. पण आपण 'ऊन पाणी' म्हणतो, तो 'ऊन' दोन अक्षरीच आहे. थंड, वड, वन, ऊन. तीन पावलांत पोहोचलो. दोन पावलांत मात्र जाता येत नाही, कारण त्यासाठी 'थंन' किंवा 'ऊड' हा शब्द लागला असता. अट तीच, एकक बदललं.

आता वानर-माणसाकडे परत येऊ. डार्विनचं 'डिसेंट ऑफ मॅन' १८७१मध्ये आलं होतं, त्यामुळे १८७९च्या वाचकाला कॅरलचा चिमटा लगेच कळला असणार. योगायोग असा, की जिच्या कंटाळ्यातून हा खेळ जन्मला ती ज्युलिया पुढे डार्विनचे कडवे समर्थक टॉमस हक्सले यांची सून झाली. उत्क्रांतीवर काम करणारे ज्युलियन हक्सले आणि कादंबरीकार आल्डस हक्सले ही तिची मुलं.

खेळ आणि उत्क्रांती यांची खरी गाठ पडली ती मात्र १९७०मध्ये. त्या काळी एक आक्षेप घेतला जात होता. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. त्यांच्या शक्य रचना इतक्या प्रचंड आहेत, की योगायोगानं कामाचं प्रथिन सापडायला विश्वाचं आयुष्यही पुरणार नाही. याला 'नेचर'मध्ये उत्तर दिलं ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांचे ते शिष्य. त्यांनी हीच शिडी मांडली:

```
WORD  WORE  GORE  GONE  GENE
```

त्यांचं म्हणणं असं. चार इंग्रजी अक्षरांच्या शक्य जुळण्या साडेचार लाखांवर आहेत, पण शिडी चढणारा त्या सगळ्या धुंडाळत नाही. तो फक्त शेजार बघतो. कोल्डचे एका अक्षराच्या अंतरावरचे शेजारी अवघे शंभर आणि त्यांतले खरे शब्द डझनभर. उत्क्रांतीही तशीच एका बदलानं शेजारी सरकते. मात्र मधलं प्रत्येक प्रथिन काम करणारं हवं, नाहीतर तो जीव तिथेच संपतो. कॅरलची अट इथे जगण्या-मरण्याची झाली.

२००६मध्ये डॅनिएल वाइनराइक आणि सहकाऱ्यांनी ही गोष्ट मोजून दाखवली. काही जिवाणूंकडे पेनिसिलिनसारखी औषधं तोडणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकात ठरावीक पाच बदल झाले, की सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकाला दाद न देण्याची ताकद सुमारे एक लाख पटींनी वाढते. पाच बदलांचे क्रम १२०. त्यांतल्या प्रत्येक पायरीला ताकद वाढतच जाईल असे क्रम निघाले फक्त १८. बाकीच्या १०२ मार्गांवर कुठेतरी एखादी पायरी अशी येते जिथे जिवाणूला काहीच लाभ नाही किंवा तोटाच आहे. नैसर्गिक निवड त्याला तिथून पुढे ढकलत नाही.

आपल्या कागदावर चोवीसांतले सहा उरले होते, तिथे एकशेवीसांतले अठरा. रोगजंतू औषधाला दाद देईनासा होताना कोणत्याही वाटेनं येऊ शकत नाही, त्याच्याही वाटा मोजक्या असतात. त्या कोणत्या हे आधी कळलं तर पहारा कुठे ठेवायचा हे ठरवता येतं.

म्हणून म्हणतो, कोल्ड आणि वॉर्म या टोकांकडे फार बघू नका. ती कुणीतरी आपल्याला दिलेली असतात. बघायचं ते मधल्या पायरीकडे, पाय ठेवल्यावर ती टिकते की नाही एवढंच. निघण्यापूर्वी एक कोडं देतो: मराठीत 'गार'पासून 'ऊन'पर्यंत दोन पावलांत या. मार्ग दोन आहेत आणि या वेळी दोन्ही उघडे आहेत. भेटू पुढच्या भागात.