दहा मिलिग्रॅमची कुळकथा

शहाड स्टेशनाबाहेरच्या मेडिकलमध्ये रोझुव्हास्टॅटिनची पट्टी मागितली की दुकानदार आधी विचारतो, ‘पाच, दहा की वीस?’ चाळीसची गोळी कंपन्या बनवतात, पण ती इथे क्वचितच कोणी मागतो. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात दहावर होते. हा आकडा कुठून आला, याची गोष्ट जपान, अमेरिका, सिंगापूर असा प्रवास करून आपल्यापर्यंत पोचली आहे. वाटेत तिच्यात एक गैरसमजही शिरला आहे.

मूळ पुरुष जपानी. सांक्यो कंपनीतल्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि 1973 साली क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या बुरशीतून पहिला स्टॅटिन वेगळा काढला. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी तो अडवतो. मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. पहिला विक्रीयोग्य स्टॅटिन अमेरिकेत 1987 साली आला. रोझुव्हास्टॅटिनचं मूळही जपानचंच, शिओनोगी कंपनीचं. अमेरिकेत त्याला 2003 मध्ये परवाना मिळाला.

दोन वर्षांत गाडी अडखळली. सिंगापूरमध्ये एकाच शहरात राहणाऱ्या गोऱ्या, चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या लोकांना 40 मिलिग्रॅमची एकेक मात्रा देऊन रक्तातलं औषध मोजण्यात आलं. प्रत्येक गटात पस्तीसच्या आसपास माणसं होती. गोऱ्यांच्या तुलनेत चिन्यांच्या रक्तात औषध 2.3 पट, मलयांच्या 1.9 पट, तर भारतीयांच्या 1.6 पट सापडलं. हवा-पाणी सगळ्यांचं एकच, त्यामुळे फरक वंशाचाच मानावा लागला. ज्या जनुकांवर संशोधकांचा संशय होता, त्यांनी मात्र हा फरक पुरता उलगडला नाही. मार्च 2005 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने माहितीपत्रक बदललं: आशियाई रुग्णांना पाचपासून सुरुवात करावी. युरोपात तर आशियाई वंशाच्या रुग्णांना 40 ची गोळी निषिद्धच ठरली.

गैरसमज इथे शिरला. ‘आशियाई’ या एका शब्दात टोकियो आणि ठाणे एकत्र कोंबले गेले. रक्तात औषध जास्त म्हणजे एलडीएलही जास्त उतरणार, तेव्हा आपल्याला निम्म्या मात्रेत भागेल, असं अनेकांनी गृहीत धरलं. तसं होत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या 740 दक्षिण आशियाई रुग्णांवर झालेला आयरिस हा अभ्यास 2007 मध्ये छापून आला. सहा आठवड्यांत रोझुव्हास्टॅटिन 10 ने एलडीएल 45 टक्के उतरलं, 20 ने 50 टक्के. अटॉर्व्हास्टॅटिनचे आकडे 10 ला 40 आणि 20 ला 47 टक्के होते. त्याआधी बहुतांश गोऱ्या रुग्णांवर झालेल्या स्टेलर अभ्यासात रोझुव्हास्टॅटिनचे आकडे 46 आणि 52 होते. म्हणजे उतार जवळपास तितकाच. रक्तात जास्त राहिलेलं औषध स्नायूंच्या त्रासाची काळजी वाढवतं, म्हणून 40 ची गोळी टाळणं शहाणपणाचं. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला ‘आपण आशियाई’ म्हणून पाचवर बसवून ठेवणं ही माझ्या मते निव्वळ कंजुषी आहे. तिथे रोझुव्हास्टॅटिन 20 किंवा अटॉर्व्हास्टॅटिन 40 ते 80 हेच लागतं.

वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. मात्रा दुप्पट केली तरी फायदा पाच ते सात टक्क्यांचाच वाढतो. सगळ्या स्टॅटिनची हीच रीत आहे, आणि इझेटिमाइबला जागा मिळाली ती यामुळेच. हे औषध 2002 साली आलं. ते आतड्यात कोलेस्टेरॉल शोषून घेणारं दार बंद करतं. यकृतातल्या स्टॅटिनच्या पायरीशी त्याचा संबंध नाही, म्हणून स्टॅटिननंतर उरलेलं एलडीएल ते आणखी सुमारे वीस टक्क्यांनी खाली आणतं.

एक नमुना हिशेब करून पाहू. वय 54, रेयॉन कारखान्यातून निवृत्त, सात वर्षं मधुमेह, एलडीएल 148, ट्रायग्लिसराइड 260, एचडीएल 36. झटका आलेला नाही, पण मधुमेहामुळे जोखीम जास्त. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनुसार अशांचं एलडीएल 70 च्या खाली हवं. झटका येऊन गेलेल्यांचं 55 च्या खाली. रोझुव्हास्टॅटिन 10 ने 148 चे साधारण 81 होतील. गोळी वीसची केली तर 74. दहाबरोबरच इझेटिमाइब 10 दिलं तर 65. कोरियातल्या 3,780 रुग्णांच्या रेसिंग चाचणीनेही (2022) हीच वाट दाखवली: दहा अधिक इझेटिमाइब ही जोडी एकट्या वीसपेक्षा उणी ठरली नाही, आणि त्रासामुळे गोळी सोडणारे किंवा कमी करणारे 8.2 टक्क्यांवरून 4.8 वर आले.

आता या माणसाच्या 260 ट्रायग्लिसराइडचं काय? मेडिकलमध्ये रोझुव्हास्टॅटिनच्या नावापुढे ‘एफ’ लावलेल्या पट्ट्या भरपूर मिळतात. तो ‘एफ’ फेनोफायब्रेटचा, म्हणजे फायब्रेट गटाचा. तर्क साधा वाटतो: ट्रायग्लिसराइड वाढलंय, खाली आणा. पण 2010 च्या अकॉर्ड चाचणीत मधुमेहींच्या स्टॅटिनला फेनोफायब्रेट जोडूनही झटके कमी झाले नाहीत. 2022 च्या प्रॉमिनंटमध्ये पेमाफायब्रेट या नव्या भावंडाने ट्रायग्लिसराइड 26 टक्क्यांनी खाली आणलं, तरी झटक्यांचं प्रमाण तिथेच राहिलं. अकॉर्डमध्ये जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल असलेल्या छोट्या गटात फायद्याचा संकेत दिसला होता, त्या आधारावर काही डॉक्टर निवडक रुग्णांना फायब्रेट देतात. पण 260 ला आधी साखर, दारू, थायरॉइड आणि रात्रीचा भात-बटाटा पाहावा. इथे साखर ताब्यात आली आणि स्टॅटिन चालू राहिलं की ट्रायग्लिसराइड बरंच खाली येतं.

फायब्रेटचं खरं काम 500 च्या पुढे सुरू होतं. तिथे धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा असतो आणि हृदयाचा हिशेब मागे पडतो. 400 च्या वर गेल्यावर रिपोर्टमधलं गणिताने काढलेलं एलडीएलही विश्वासाचं राहत नाही, कारण त्या सूत्रात ट्रायग्लिसराइडला पाचाने भागलेलं असतं. फायब्रेट द्यायचंच ठरलं तर फेनोफायब्रेट. जेमफिब्रोझिल स्टॅटिनबरोबर नको. 2001 साली सेरिव्हास्टॅटिन बाजारातून गेलं, ते स्नायू विरघळून झालेल्या मृत्यूंमुळे, आणि त्यांतल्या बऱ्याच रुग्णांना सोबत जेमफिब्रोझिल चालू होतं. फेनोफायब्रेट क्रिएटिनिन थोडं वाढवतं, म्हणून मूत्रपिंड कमजोर असेल तर ते नको. रोझुव्हास्टॅटिनलाही मूत्रपिंड फार बिघडलं असल्यास दहाची मर्यादा आहे.

बिघडतं कसं, हेही सांगतो. मांड्या-खांदे दोन्ही बाजूंनी दुखू लागले, जिना जड वाटू लागला, तर सीके तपासावं. लघवी काळपट झाली तर वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उलट बाजूने, गोळी नियमित घेऊनही एलडीएल हलत नसेल तर एक घरगुती कारण विचारून पाहा: ॲसिडिटीचं पातळ औषध. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड रोझुव्हास्टॅटिनबरोबर घेतलं तर औषध निम्मंच रक्तात पोचतं. अँटासिड गोळीनंतर दोन तासांनी घ्यावं.

मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. ‘एफ’ची पट्टी हातात असेल आणि ट्रायग्लिसराइड 500 च्या खाली असेल, तर ती कशासाठी दिली हे डॉक्टरांना विचारा; मनाने बंद मात्र करू नका.