जालन्यात ५:४८, दिब्रुगडला ४:१६: घड्याळ एकच, मग सूर्योदय वेगळा का?

२१ जूनला जालन्यात सूर्य उगवतो साधारण ५:४८ ला. त्याच दिवशी आसाममधल्या दिब्रुगडला तो ४:१६ लाच उगवलेला असतो. दोन्हीकडच्या मोबाईलवर मात्र वेळ एकच असते. हा दीड तासाचा फरक कुठून येतो, ते जालन्याचं उदाहरण घेऊन बघूया.

चार मिनिटांचा हिशोब

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटं लागतात. आपल्या देशाची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरवलेली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. जालना ७५.८८ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या पश्चिमेला आहे. म्हणून:

```
(82.5 - 75.88) × 4 = 26.5 मिनिटे
```

म्हणजे जालन्यात सूर्य डोक्याच्या रेषेत येतो तेव्हा घड्याळात १२ नाही, सरासरी १२:२६ वाजलेले असतात. सरासरी म्हणायचं कारण, पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. त्यामुळे ही वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० पर्यंत अलीकडे येते आणि फेब्रुवारीत १२:४० पर्यंत पुढे जाते. खात्री करायची असेल तर अंगणात एक काठी सरळ उभी करा आणि दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने मार्क करा. सावली सगळ्यात आखूड झाली की तुमची खरी दुपार झाली.

मग दीड तास कसा?

दिब्रुगड ९४.९ अंशांवर आहे, म्हणजे जालन्याच्या १९ अंश पूर्वेला. १९ गुणिले ४ म्हणजे ७६ मिनिटं. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात, तेव्हा सूर्योदयातला फरक खरंच एवढाच निघतो. जूनमध्ये मात्र तो ९२ मिनिटं होतो आणि डिसेंबरमध्ये ६१. कारण दिब्रुगड उत्तरेलाही आहे. उत्तरेकडे उन्हाळ्यातला दिवस जास्त मोठा असतो, म्हणून सूर्य आणखी लवकर उगवतो. हिवाळ्यात तिथला दिवस जास्त लहान, म्हणून पूर्वेला असण्याचा फायदा थोडा कमी होतो.

हिवाळ्यात खरी अडचण संध्याकाळची. माझी एक सहकारी दिब्रुगडहून काम करते. २१ डिसेंबरला तिच्याकडे ४:२० ला सूर्य मावळतो, जालन्यात ५:५३ ला. आमची शिफ्ट एकच असते, पण संध्याकाळच्या मीटिंगला तिच्या खिडकीबाहेर पूर्ण काळोख असतो. आसामच्या चहामळ्यांनी यावर जुना उपाय केलाय. तिथे ‘बागान टाइम’ चालतो, म्हणजे घड्याळ एक तास पुढे.

मग दोन वेळा का नाहीत?

पूर्वी होत्या. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईत १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ वापरात होता. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी एक तास पुढची वेळ सुचवली. त्यात मोठा प्रश्न रेल्वेचा होता: वेळ बदलते त्या हद्दीवर गोंधळ झाला तर अपघाताची भीती. म्हणून त्यांनी हद्द पश्चिम बंगाल आणि आसामच्या सीमेजवळ, अरुंद पट्ट्यात धरली, म्हणजे फार थोड्या ठिकाणी घड्याळं बदलावी लागतील. आज मात्र सगळ्या देशाची वेळ एकच आहे.

मोबाईलमध्ये काय होतं?

फोन आतून जागतिक वेळ धरून चालतो आणि त्यात साडेपाच तास मिळवून तुम्हाला दाखवतो. सिस्टिममध्ये भारतासाठी एकच नाव आहे, `Asia/Kolkata`, मग तुम्ही अंबडला असा की दिब्रुगडला. त्यामुळे नुसत्या घड्याळावरून फोनला सूर्योदय कळत नाही. त्यासाठी ॲपला तुमचं लोकेशन लागतं.

चूक होते ती इथेच. लोकेशन बंद असेल तर काही ॲप आधी निवडलेल्या शहराचीच वेळ दाखवत राहतात. ॲपमध्ये मुंबई निवडलेली असेल तर जालन्यात सूर्य त्या वेळेच्या साधारण १२ मिनिटं आधी उगवतो. नागपूर निवडलेलं असेल तर साधारण १३ मिनिटं नंतर. रोज्याची सहरी किंवा पूजेची वेळ पाळणाऱ्यांसाठी एवढा फरक पुष्कळ झाला. छापील पंचांग वापरत असाल तर त्यातल्या वेळा कोणत्या गावासाठी काढल्यात, तेही आत दिलेलं असतं, ते बघा.

तुमच्या गावासाठी ढोबळ फरक काढायचा असेल तर गूगल मॅप्समध्ये गावावर बोट दाबून धरा. दोन आकडे दिसतील, त्यातला दुसरा रेखांश. ॲपमधल्या शहराच्या रेखांशाशी त्याची वजाबाकी करा आणि चारने गुणा. तुमचं गाव पूर्वेला असेल तर तेवढी मिनिटं वजा करा, पश्चिमेला असेल तर मिळवा. दोन्ही गावं साधारण एकाच अक्षांशावर असतील तर हे उत्तर एक-दोन मिनिटांत बरोबर येतं.