मंगळ ग्रहावरील दिनदर्शिका व कामाचे वेळापत्रक

मंगळावर पुढेमागे उभ्या राहणाऱ्या मानवी वसाहतीसाठी दिवस, आठवडा, महिना, वर्ष आणि कामाच्या पाळ्या यांची जी मांडणी सुचवली गेली आहे, तिचा परिचय या लेखात करून दिला आहे. मंगळाचा सौरदिन पृथ्वीच्या दिवसापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा आहे आणि त्याचे वर्ष पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्यामुळे पृथ्वीवरील दिनदर्शिका तेथे जशीच्या तशी वापरता येत नाही. या विषयातील सर्वाधिक परिचित प्रस्ताव थॉमस गँगेल या अमेरिकी अभियंत्याने १९८५ मध्ये मांडलेली 'डॅरियन दिनदर्शिका' हा होय. मंगळाच्या वेळेनुसार काम करण्याचा प्रत्यक्ष अनुभव मात्र १९९७ पासून अमेरिकेच्या मंगळमोहिमांत पृथ्वीवरूनच घेतला गेला आहे.

## सोल व वर्ष

मंगळावरील एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतच्या सरासरी काळास 'सोल' म्हणतात. त्याची लांबी २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंद आहे. उत्तर गोलार्धातील एका वसंतसंपातापासून दुसऱ्या वसंतसंपातापर्यंतचे वर्ष ६६८.५९०७ सोलांचे, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे ६८७ दिवसांचे असते. या हिशेबाने पृथ्वीवर अठरा वर्षे पूर्ण केलेला तरुण मंगळावर साडेनऊ वर्षांचा ठरतो.

शास्त्रज्ञ मंगळाची वर्षे ११ एप्रिल १९५५ रोजीच्या वसंतसंपातापासून मोजतात. या गणनेनुसार ३८ वे वर्ष १२ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झाले. या पद्धतीत महिने नाहीत. वर्षातील काळ सूर्याच्या ०° ते ३६०° अशा स्थानाने सांगितला जातो. संशोधनासाठी हे पुरेसे आहे, पण पगार, रजा, शाळेच्या परीक्षा व सण ठरवण्यासाठी वसाहतीला महिने आणि वार लागतील.

## महिन्यांची अडचण

पृथ्वीवर महिन्याची कल्पना चंद्रामुळे रूढ झाली. मंगळाला फोबॉस आणि डीमॉस असे दोन उपग्रह आहेत. फोबॉस सुमारे ७ तास ३९ मिनिटांत आणि डीमॉस सुमारे ३० तासांत मंगळाभोवती एक फेरी पूर्ण करतो. दोहोंपैकी कोणाच्याही कलांवरून महिना बसवता येत नाही. त्यामुळे तिथी, पक्ष आणि अधिकमास यांवर उभे असलेले चांद्र-सौर पंचांग तेथे निरुपयोगी ठरते.

दुसरा मार्ग सौरमासाचा आहे. सूर्य एका राशीत, म्हणजे ३०° अंतरात, जितका काळ असतो तितका महिना मानायचा. भारतातील सौर पंचांगांत असे महिने २९ ते ३२ दिवसांचे होतात. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने सूर्याची भासमान गती वर्षभर सारखी नसते, हे त्याचे कारण आहे. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे ठेवले आहेत, तेही याच कारणाने.

मंगळाची कक्षा पृथ्वीपेक्षा कितीतरी अधिक लांबट आहे. तेथे उत्तर गोलार्धातील वसंत ऋतू सुमारे १९३ सोल, ग्रीष्म १७९, शरद १४३ आणि शिशिर १५४ सोल टिकतो. सौरमासाचा नियम लावून वर्षाचे बारा भाग केले, तर सर्वांत लहान महिना ४६ सोलांचा आणि सर्वांत मोठा ६७ सोलांचा होतो. ऋतू नेमके जुळतात, पण एका महिन्याचे भाडे किंवा वेतन दुसऱ्या महिन्याच्या दीडपट काळासाठी द्यावे लागते. म्हणून दिनदर्शिका रचणाऱ्याला ऋतूंशी नेमकी जुळणी आणि समान महिने यांतून एकाची निवड करावी लागते.

## डॅरियन दिनदर्शिका

गँगेलने समान महिने निवडले. आपला मुलगा डॅरियस याच्या नावावरून त्याने दिनदर्शिकेचे नाव ठेवले. तिच्यात २४ महिने असून दर सहा महिन्यांपैकी पहिले पाच २८ सोलांचे आणि सहावा २७ सोलांचा असतो. सहा महिन्यांचे १६७ सोल आणि वर्षाचे ६६८ सोल होतात. २८ सोल म्हणजे पृथ्वीचे सुमारे पावणेएकोणतीस दिवस, त्यामुळे हा महिना माणसाच्या सवयीतील महिन्याच्या जवळ राहतो.

महिन्यांची नावे राशींची आहेत. प्रत्येक राशीचे आधी लॅटिन आणि मग संस्कृत नाव घेतले आहे. वर्षाचा आरंभ सॅजिटेरियसने होतो, त्यानंतर धनुस्, कॅप्रिकॉर्नस, मकर, अ‍ॅक्वेरियस, कुंभ असा क्रम चालतो. नावे राशींची असली तरी हे महिने सूर्याच्या राशिसंक्रमणावर चालत नाहीत.

६६८ पूर्ण सोलांनंतर उरणाऱ्या ०.५९०७ सोलाची भरपाई लीप वर्षांनी केली जाते. दहा वर्षांत ही शिल्लक ५.९०७ सोल होते. म्हणून सर्व विषम वर्षे आणि दहाने भाग जाणारी वर्षे ६६९ सोलांची धरली जातात. त्यामुळे दहा वर्षांत सहा सोल वाढतात. शंभर वर्षांत खरी शिल्लक ५९.०७ असते, पण वाढवलेले सोल ६० होतात. म्हणून शंभराने भाग जाणारे वर्ष लीप धरत नाहीत. आता दर शतकामागे ०.०७ सोल कमी पडतो आणि हजार वर्षांत ही तूट ०.७ सोलावर जाते. ती भरून काढण्यासाठी हजाराने भाग जाणारे वर्ष पुन्हा लीप मानतात. लीप वर्षात शेवटचा महिना २७ ऐवजी २८ सोलांचा होतो.

## आठवडा व साप्ताहिक सुटी

या दिनदर्शिकेत आठवडा सात सोलांचा असून प्रत्येक महिन्याची पहिली तारीख रविवारी येते. त्यामुळे एकदा छापलेले महिन्याचे पान कायम वापरता येते. २७ सोलांच्या महिन्यात मात्र शेवटचा शनिवार गळतो. पंचांगातील क्षयतिथीप्रमाणे येथे वाराचा क्षय होतो.

याचा परिणाम सुटीवर होतो. साप्ताहिक सुटी रविवारी असेल, तर एकही सुटी बुडत नाही. उलट वर्षातून चार वेळा पाचच सोल काम करून सुटी मिळते. सुटी शनिवारी असेल, तर सामान्य वर्षात चार सुट्या नाहीशा होतात आणि त्या प्रत्येक वेळी लागोपाठ बारा सोल काम करावे लागते. शिवाय ज्यू धर्मीयांचा शब्बाथ आणि मुस्लिमांचा शुक्रवार अखंड सात दिवसांच्या चक्रावर आधारलेले आहेत. वार गाळणारी रचना त्यांना अडचणीची ठरते.

आठवड्याशी केलेला खेळ किती महाग पडतो, याचे उदाहरण सोव्हिएत संघात सापडते. तेथे १९२९ मध्ये कारखाने सतत चालावेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा आणून कामगारांच्या सुट्या पाच वेगवेगळ्या दिवशी वाटल्या गेल्या. पती-पत्नींच्या सुट्या जुळेनाशा झाल्या. पुढे सहा दिवसांचा आठवडा आणला गेला आणि अखेर १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा परत आला.

## घड्याळ व कामाच्या पाळ्या

सोलमधील जादा ३९ मिनिटे ३५ सेकंद घड्याळात कोठे बसवायची, यावर दोन मुख्य मते आहेत.

पहिल्या मतानुसार सोलचे २४ समान तास करायचे. मंगळाचा प्रत्येक तास, मिनिट आणि सेकंद पृथ्वीपेक्षा २.७५ टक्क्यांनी मोठा होतो. मंगळमोहिमांत हीच पद्धत वापरली जाते. दुसऱ्या मतानुसार सेकंद आहे तसाच ठेवून मध्यरात्री घड्याळ ३९ मिनिटे ३५ सेकंद थांबवायचे. किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या 'रेड मार्स' (१९९२) या कादंबरीतील वसाहतीत अशीच सोय आहे. पहिल्या पद्धतीत घड्याळ सरळ राहते, पण औषधाच्या मात्रा, यंत्रांचे वेग आणि प्रयोगशाळेतील मोजमापे यांसाठी मूळ सेकंदाचे दुसरे घड्याळ बाळगावे लागते.

प्राणवायू व पाणी शुद्ध करणारी यंत्रणा अहोरात्र चालवावी लागणार असल्याने वसाहतीत तीन पाळ्या अटळ आहेत. मध्यरात्री घड्याळ थांबवले, तर दिवसपाळ्या आठ तासांच्या राहतात आणि रात्रपाळीच्या माणसांना ८ तास ३९ मिनिटे ३५ सेकंद काम पडते. घड्याळ थांबले तरी त्यांचे काम थांबत नाही. सोलचे समान तास केले, तर जादा वेळ तिन्ही पाळ्यांत वाटला जातो आणि प्रत्येक पाळी पृथ्वीच्या मापाने ८ तास १३ मिनिटे १२ सेकंदांची होते.

ही १३ मिनिटे दिसायला थोडी आहेत. आठवड्यात सहा पाळ्या धरल्यास २८ सोलांच्या महिन्यात २४ पाळ्या होतात आणि जादा वेळ ५ तास १७ मिनिटांवर जातो. आठवड्याचे ४८ तास मंगळाच्या घड्याळाने मोजले, तर ते प्रत्यक्षात ४९ तास १९ मिनिटे भरतात. भारतातील कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये ४८ तासांची साप्ताहिक कमाल मर्यादा घातलेली होती, हे येथे तुलनेसाठी लक्षात घेता येते. आठवडाही त्याच प्रमाणात लांबलेला असल्याने काम व विश्रांती यांचे गुणोत्तर बदलत नाही. परंतु वेतन तासावर असेल, तर करारातील तास कोणत्या ग्रहाचा, हे लिहून ठेवणे आवश्यक ठरते. १३ मिनिटे १२ सेकंदांप्रमाणे आठ तास साठण्यास सुमारे ३६ पाळ्या लागतात. म्हणून दर ३६ पाळ्यांमागे एक भरपगारी सोल सुटी दिल्यास हिशेब जवळजवळ फिटतो.

## शरीर व पृथ्वीशी संपर्क

माणसाच्या शरीरातील जैविक घड्याळाचे आवर्तन सरासरी सुमारे २४ तास १० मिनिटांचे असते. मंगळाच्या सोलशी जुळण्यासाठी ते रोज सुमारे अर्ध्या तासाने पुढे ढकलावे लागते. योग्य वेळी पुरेसा तेजस्वी प्रकाश मिळाल्यास हे शक्य होते. २००८ मधील फिनिक्स मोहिमेत पृथ्वीवरील कर्मचाऱ्यांना निळसर प्रकाशाचे दिवे देण्यात आले, तेव्हा तपासणी झालेल्यांपैकी बहुतेकांची शरीरे मंगळाच्या वेळेशी जुळल्याचे आढळले. या कर्मचाऱ्यांचा खरा त्रास वेगळा होता. त्यांच्या खिडकीबाहेरचा सूर्य आणि घरची माणसे २४ तासांच्या दिवसानेच चालत होती. २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ही वाहने मंगळाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंस उतरली. त्यामुळे दोन चमूंना सुमारे बारा तासांच्या फरकाने काम करावे लागले. २०१२ मधील क्युरिऑसिटी मोहिमेत मंगळाची वेळ सुमारे ९० सोल पाळून नंतर सोडून देण्यात आली. वसाहतीतील रहिवाशांचे दिवे, जेवण आणि शेजारी हे सर्व सोलवरच चालणार असल्याने त्यांना ही ओढाताण सोसावी लागणार नाही.

पृथ्वीशी संपर्काची वेळ मात्र सतत सरकत राहील. वसाहतीत सकाळचे आठ वाजले असता कोल्हापुरातही सकाळचे आठ वाजले आहेत, असे समजू. पुढच्या सोलच्या सकाळी आठ वाजता कोल्हापुरात ८ वाजून ३९ मिनिटे झालेली असतील. १८ सोलांनी तेथे रात्रीचे ७ वाजून ५२ मिनिटे होतील आणि ३६ सोलांनी पुन्हा सकाळचे पावणेआठ. मुलाने रोज शाळेपूर्वी आजीला निरोप पाठवायचा ठरवले, तरी महिन्यातील कित्येक निरोप तिच्या झोपेच्या वेळी पोहोचतील. संदेशाला एका बाजूने सुमारे ३ ते २२ मिनिटे लागत असल्याने समोरासमोर संभाषण तसेही होऊ शकत नाही. म्हणून वसाहतीचे वेळापत्रक पृथ्वीकडे वळवण्याऐवजी पृथ्वीवरील नियंत्रण कक्षातच कायम तीन पाळ्या ठेवणे हा अधिक व्यवहार्य उपाय ठरतो.

## हे सुद्धा पहा

* मंगळ ग्रह
* भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका
* पंचांग
* अधिकमास