शंभरातून सात वजा करा! स्मरणशक्तीची चाचणी हिंदीत कशी आली?

घरातल्या आजींना किंवा वडिलांना विसराळूपणासाठी डॉक्टरांकडे नेलं असेल, तर हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. डॉक्टर विचारतात, "आज वार कोणता? शंभरातून सात गेले किती? त्यातून पुन्हा सात?" आजी गोंधळतात, तुमच्याकडे बघतात आणि तुमच्या पोटात गोळा येतो. या प्रश्नांमागचा इतिहास समजून घेतलात, तर त्या गोंधळाचा अर्थ लावणं तुम्हाला सोपं जाईल.

ही प्रश्नावली १९७५ मध्ये अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तयार केली. तिला एमएमएसई म्हणतात. एकूण गुण ३०. त्यात वेळेचं आणि ठिकाणाचं भान, लक्ष, आठवण, भाषा आणि आकृती काढणं असे भाग आहेत. साधारणपणे २४ पेक्षा कमी गुण मिळाले, की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे का, याची पुढची तपासणी करतात. दहा मिनिटांत होत असल्यामुळे ही चाचणी जगभर पसरली.

पुढे हरियाणातल्या बल्लभगढ भागातील खेड्यांमध्ये डिमेन्शिया किती आहे, हे शोधायचं ठरलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका भागाशी त्याची तुलना करायची होती. पिट्सबर्गच्या मेरी गांगुली, भारतातले विजय चंद्रा आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम हाती घेतलं. या खेड्यांतल्या अभ्यासात पंचावन्न वर्षांवरचे ५,१२६ लोक होते आणि त्यांतले ७३ टक्क्यांहून अधिक निरक्षर होते.

अशा वेळी कुणालाही सुचणारा मार्ग म्हणजे चांगला अनुवादक बसवायचा. तो इंग्रजीतून हिंदी करेल, दुसरा कुणी हिंदीतून परत इंग्रजी करेल आणि दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की झालं. यातून अनुवादातल्या चुका सापडतात. पण "शंभरातून सात वजा करा" हे वाक्य हिंदीत जाऊन इंग्रजीत परत येताना जसंच्या तसं येतं. अनुवाद बिनचूक असतो आणि तरीही प्रश्न चुकलेला असतो. मूळ प्रश्न लक्ष मोजतो. एकामागून एक पायरी डोक्यात धरून ठेवता येते का, हे त्याला पाहायचं असतं. शाळेत न गेलेल्या माणसाला तोच प्रश्न विचारला, की तो वजाबाकी शिकला आहे का, एवढंच कळतं.

आता एक हिशेब करून पाहू. बल्लभगढजवळच्या खेड्यातली सत्तर वर्षांची, कधी शाळेत न गेलेली पण स्मरणशक्ती ठणठणीत असलेली एक बाई मनात आणा. तिला शब्दशः अनुवाद केलेली चाचणी दिली. वजाबाकीचे ५ गुण गेले. कागदावरची सूचना वाचून तसं करण्याचा १ गेला, एक वाक्य लिहिण्याचा १ गेला. आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, म्हणून एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढण्याचा १ गेला. इसवी सन सांगण्याचा १ गेला. "आपण कितव्या मजल्यावर आहोत?" हा तर अंगणात बसून विचारलेला प्रश्न, त्याचाही १ गेला. एकूण १० गुण गेले, उरले २०. आठवणीचे गुण पूर्ण मिळूनही ती रुग्णांच्या रांगेत जाऊन बसली.

म्हणून या गटाने प्रत्येक प्रश्नापुढे आधी एकच गोष्ट ठरवली : हा प्रश्न मेंदूचं नेमकं कोणतं काम तपासतो? मग तेच काम खेड्यातल्या रोजच्या जगण्यातून कसं तपासता येईल, ते शोधलं. प्रश्न गावात नेऊन विचारायचे, कुठे अडतंय ते पाहायचं, बदलायचे आणि पुन्हा विचारायचे, असं काम चाललं. यात ओळखायची खूण साधी होती. ज्यांची स्मरणशक्ती चांगली आहे असे अनेक लोक एखाद्या प्रश्नावर अडले, तर दोष त्या प्रश्नात आहे.

वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे ठरले. आधी रविवारपासून सरळ म्हणून घ्यायचे, मग उलटे. वार सगळ्यांना पाठ असतात, पण ते उलटे म्हणायला लक्ष टिकवावंच लागतं. इसवी सनाऐवजी आत्ता सकाळ, दुपार की संध्याकाळ, असं विचारलं. मजल्याऐवजी गावाचं पोस्ट ऑफिस, जिल्हा अशा ओळखीच्या गोष्टी आल्या. लक्षात ठेवायचे शब्द आंबा, खुर्ची आणि नाणं असे झाले. "डोळे मिटा" ही सूचना वाचायला देण्याऐवजी तपासणारा म्हणतो, "माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा," आणि स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायचं.

सर्वांत अवघड होतं ते ऐकून पुन्हा म्हणायचं वाक्य. इंग्रजीत ते 'नो इफ्स, ॲण्ड्स ऑर बट्स' असं आहे. त्याचं शब्दशः हिंदी केलं तर "जर, आणि, पण" अशी निरर्थक यादी हाती येते. मूळ वाक्याची खुबी ही, की ते छोट्या, एकमेकांसारख्या आणि डोळ्यांपुढे चित्र उभं न करणाऱ्या शब्दांचं आहे. त्यामुळे कान आणि जीभ यांची जोडणी तपासली जाते. हिंदीत त्या जागी "न ये, न वो" आलं. शब्द वेगळे, काम तेच.

ही हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला एचएमएसई म्हणतात आणि तिचेही गुण ३० आहेत. याच अभ्यासात रोजच्या व्यवहारांची प्रश्नावलीही नव्याने बनवावी लागली. "पैशांचे व्यवहार स्वतः करता का?" या प्रश्नाला एकत्र कुटुंबातली सासूबाई "नाही" म्हणते, कारण ते मुलगा बघतो. तिथे आजार मोजला जात नाही, घरातली रीत मोजली जाते.

पुढे १९९८ मध्ये या अभ्यासाचे आकडे आले. पासष्ट वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण फक्त १.३६ टक्के निघालं, म्हणजे खूपच कमी. त्याची कारणं काय असावीत हा वेगळा विषय आहे, पण निरक्षरतेलाच आजार समजण्याची चूक टळली नसती, तर हा आकडा दिसलाच नसता.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. शिकलेल्यांना तिच्यातही जास्त गुण मिळतात. ती सोपी असल्यामुळे निवृत्त शिक्षकाचा सुरुवातीचा डिमेन्शिया तिच्यातून निसटू शकतो. म्हणून एमएमएसईमधले २४ आणि एचएमएसईमधले २४ सारखे धरता येत नाहीत. आणि हीच हिंदी चाचणी उचलून तिचा मराठी अनुवाद पुण्यातल्या फ्लॅटमधल्या आजोबांना दिला, तर "तुमचं गाव कोणत्या पोस्टाखाली येतं?" या प्रश्नावर आपण जुनीच चूक नव्याने करू.

तेव्हा रिपोर्टवर "२०/३०" दिसलं, तर लगेच घाबरू नका. चाचणी कोणती होती आणि कोणत्या भाषेत घेतली, हे विचारा. आजी किती शिकल्या आहेत, त्यांना ऐकू आणि दिसतं कसं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. गुण कोणत्या प्रश्नांवर गेले, तेही पाहून घ्या. वजाबाकी, वाचन आणि लेखनात गेलेले गुण शाळेबद्दल सांगत असू शकतात. पण पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले तिन्ही शब्द आठवले नाहीत आणि वर्षभरापूर्वी सहज जमणारा स्वयंपाक आता चुकायला लागला असेल, तर ते शिक्षणावर ढकलू नका. त्याची तपासणी करून घ्यायलाच हवी.