समानुभूती आणि नैतिक निर्णय

समानुभूती म्हणजे दुसऱ्या व्यक्तीच्या जागी स्वतःला कल्पून तिची मनःस्थिती, विशेषतः तिचे दुःख, जाणणे व काही अंशी स्वतः अनुभवणे होय. या अर्थाने मराठीत सहअनुभूती व परानुभूती हे शब्दही वापरले जातात. समानुभूतीमुळे मदत करण्याची प्रेरणा मिळते, हे मानसशास्त्रात मोठ्या प्रमाणावर मान्य झालेले आहे. मात्र कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने मदत करावी हे ठरवताना ती विश्वासार्ह मार्गदर्शक ठरते का, याविषयी तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. तिच्यावरील मुख्य आक्षेप दोन आहेत. पहिला असा की, समानुभूती एका समोरच्या व्यक्तीवर केंद्रित होते आणि नजरेआड असलेल्यांचा न्याय्य हक्क विसरायला लावते. दुसरा असा की, ती परक्यांपेक्षा आपल्यासारख्या माणसांविषयी अधिक सहज जागृत होते.

## संकल्पना

रोजच्या बोलण्यात सहानुभूती आणि समानुभूती हे शब्द बरेचदा एकाच अर्थाने येतात. शास्त्रीय लेखनात त्यांत भेद केला जातो. दुःखी माणसाविषयी कळवळा वाटणे ही सहानुभूती, तर त्याचे दुःख त्याच्या जागेवरून जाणवणे ही समानुभूती. जर्मन विचारवंत रोबेर्ट फिशर यांनी १८७३ मध्ये कलाकृतीशी भावनिक तादात्म्य पावण्याच्या अनुभवासाठी ‘आइनफ्यूलुंग’ ही संज्ञा वापरली. एडवर्ड टिचेनर यांनी १९०९ मध्ये तिच्यासाठी ‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द योजला आणि पुढे तो मानसशास्त्रात रूढ झाला.

समानुभूतीचे दोन प्रकार सामान्यतः मानले जातात. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल हे समजून घेणे ही बौद्धिक समानुभूती, तर त्याची भावना स्वतःच्या मनात उमटणे ही भावनिक समानुभूती. प्रस्तुत लेखातील आक्षेप प्रामुख्याने भावनिक समानुभूतीसंबंधी आहेत.

## पूर्वविचार

हा प्रश्न आधुनिक मानसशास्त्राच्या आधीपासून चर्चेत आहे. डेव्हिड ह्यूम यांनी ‘अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर’ (१७३९–४०) या ग्रंथात नीतीचा उगम परस्परांच्या भावना जाणण्याच्या मानवी क्षमतेत शोधला. ती क्षमता जवळच्या, ओळखीच्या व आपल्यासारख्या माणसांबाबत अधिक तीव्र असते, हेही त्यांनी नोंदवले. दूरची वस्तू डोळ्यांना लहान दिसली तरी ती लहान आहे असे आपण मानत नाही. त्याचप्रमाणे नैतिक निर्णय देताना माणसाने स्वतःचे स्थान बाजूला ठेवून सर्वांना समान असलेल्या दृष्टिकोनातून पाहावे, असे ह्यूम यांचे प्रतिपादन होते. म्हणजे समानुभूतीला नीतीचा पाया मानणाऱ्या विचारवंतानेच तिच्यात दुरुस्तीची गरज सांगितली होती.

## न्यायाशी संघर्ष : शेरी समर्स प्रयोग

समानुभूती आणि न्याय हे दोन वेगळे हेतू आहेत व ते एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतात, हे दाखवणारा प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगात सहभागी झालेल्यांना शेरी समर्स या दहा वर्षांच्या मुलीची मुलाखत ध्वनिफितीवर ऐकवण्यात आली. तिला असाध्य आजार आहे, उरलेले दिवस सुसह्य करणारी मदत एका संस्थेकडून मिळू शकते, परंतु ती प्रतीक्षायादीत आहे, असे त्यांना सांगण्यात आले. शेरी आणि ती संस्था दोन्ही प्रयोगासाठी रचलेली होती, पण सहभागींना ते ठाऊक नव्हते.

ऐकण्यापूर्वी एका गटाला मुलाखतीकडे वस्तुनिष्ठपणे, अलिप्त राहून पाहण्याची सूचना होती. दुसऱ्या गटाला त्या मुलीला काय वाटत असेल याची कल्पना करण्यास सांगितले होते. त्यानंतर प्रत्येकाला शेरीचे नाव यादीतून उचलून तातडीच्या मदतीच्या गटात टाकण्याची संधी देण्यात आली. तसे केल्यास यादीत तिच्या पुढे असलेल्या मुलांना अधिक काळ थांबावे लागेल, हेही स्पष्ट करण्यात आले होते. अलिप्त राहिलेल्या गटातील सुमारे ३३ टक्के सहभागींनी शेरीला पुढे आणले. समानुभूती जागवलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते.

यादीतील इतर मुलेही आजारी होती. फरक इतकाच की त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. समानुभूतीने शेरीच्या गरजेची जाणीव तीव्र केली, पण ती गरज इतरांपेक्षा मोठी आहे का, या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. याच शोधनिबंधातील दुसऱ्या एका प्रयोगात पक्षपात करणाऱ्या सहभागींनी आपले वर्तन कमी न्याय्य असल्याचे मान्यही केले. त्यांची न्यायबुद्धी नष्ट झाली नव्हती. त्या क्षणी दुसरी प्रेरणा तिच्यावर मात करून गेली होती, असा अर्थ बॅटसन यांनी लावला.

## आपपरभाव

समानुभूतीचा झोत कोणावर पडेल हे बरेचदा गटसंबंधांवर ठरते. ग्रिट हाइन, तानिया झिंगर व सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुटबॉलप्रेमी पुरुषांना स्वतःच्या आणि प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्यांना हातावर वेदनादायक विजेचे झटके बसताना पाहावे लागले. आपल्या संघाच्या चाहत्याला वेदना होत असताना, स्वतःला वेदना झाल्यावर सक्रिय होणाऱ्या मेंदूच्या एका भागात अधिक क्रिया दिसली आणि त्या क्रियेच्या प्रमाणात त्याची निम्मी वेदना स्वतःवर घेण्याची तयारीही वाढली. प्रतिस्पर्धी चाहत्याबाबत हा प्रतिसाद मंद होता. काही जणांत तर सुखद अनुभवाशी संबंधित भागात क्रिया आढळली आणि अशा व्यक्तींनी मदत कमी केली.

मात्र ही सीमा स्थिर नसते. मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात केलेला व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मँचेस्टर युनायटेड या संघाच्या चाहत्यांकडून प्रथम त्या संघाविषयीच्या आपलेपणाबद्दल एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. नंतर दुसऱ्या इमारतीकडे जाताना त्यांच्यासमोर एक धावणारा तरुण घसरून पडे आणि घोटा धरून कण्हू लागे. त्याच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा शर्ट असताना १३ पैकी १२ जणांनी मदत केली. लिव्हरपूल या प्रतिस्पर्धी संघाचा शर्ट असताना १० पैकी ३ आणि साधा शर्ट असताना १२ पैकी ४ जण मदतीला गेले.

प्रयोगाच्या दुसऱ्या भागात चाहत्यांकडून विशिष्ट संघाऐवजी एकूण फुटबॉलप्रेमाविषयी प्रश्नावली भरून घेण्यात आली. या वेळी लिव्हरपूलच्या शर्टातील तरुणालाही बहुतेकांनी मदत केली. ‘आपला’ या शब्दाची व्याप्ती काही प्रश्नांनी बदलली होती. पण साधा शर्ट घातलेला तरुण या वेळीही मदतीपासून बव्हंशी वंचित राहिला. वर्तुळ मोठे झाले, तरी त्याला कड होतीच. सहभागींची संख्या लहान असल्यामुळे नेमक्या टक्केवारीपेक्षा निष्कर्षाची दिशा महत्त्वाची मानली जाते.

गटाची सीमा समाजरचनेनेच आखलेली असेल, तर हा दोष वैयक्तिक राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) या भाषणात अशीच मांडणी केली आहे. जातीमुळे दानधर्म, सहानुभूती आणि जबाबदारीची भावना जातीच्या हद्दीतच फिरते व सार्वजनिक हिताची जाणीव निर्माण होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या दृष्टीने लोकांच्या मनात कळवळा नव्हता असे नाही. तो कोणापर्यंत पोहोचावा हे जातिव्यवस्था ठरवत होती.

## टीका आणि प्रत्युत्तरे

अमेरिकेत अध्यापन केलेले मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी ‘अगेन्स्ट एम्पथी’ (२०१६) या ग्रंथात भावनिक समानुभूतीची तुलना प्रकाशझोताशी केली आहे. झोत जिथे पडतो तिथले स्पष्ट दिसते, पण तो अरुंद असतो आणि कुठे वळवायचा हे आपल्या आवडीनिवडी ठरवतात. तिच्याऐवजी विवेक आणि करुणा, म्हणजे दुसऱ्याचे दुःख स्वतः न भोगता त्याच्या हिताची इच्छा, यांवर नीती उभी राहावी, असे ब्लूम यांचे मत आहे.

या मताविरुद्ध तीन प्रकारचे युक्तिवाद केले जातात. पहिला असा की, पक्षपात समानुभूतीपुरता मर्यादित नाही. विवेकही आपल्या गटाच्या बाजूने कारणे शोधू शकतो. दुसरा असा की, लँकेस्टरच्या प्रयोगाप्रमाणे समानुभूतीची व्याप्ती बदलता येते, त्यामुळे ती टाकून देण्याऐवजी रुंदावणे शक्य आहे. तिसरा असा की, समानुभूती नसल्यास अनेक अन्याय मुळात लक्षातच येत नाहीत. स्वतः बॅटसन यांनीही तिला निरुपयोगी ठरवलेले नाही. समानुभूतीतून उपजणारी परहिताची प्रेरणा खरी असते, मात्र ती न्यायाच्या प्रेरणेहून वेगळी आहे, एवढाच त्यांचा निष्कर्ष आहे.

## व्यवहारातील उपयोजन

मदत करणारे थोडे आणि गरजू अनेक असतात तेव्हा वाटपाचा क्रम व्यक्तिगत भावनेवर न सोडता आधी ठरलेल्या निकषांवर सोपवला जातो. अवयव प्रत्यारोपण हे याचे ठळक उदाहरण आहे. महाराष्ट्रात मेंदूमृत दात्यांकडून मिळालेल्या अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत प्रतीक्षायादीनुसार होते. मूत्रपिंडासाठीच्या क्रमवारीत रुग्णाने डायालिसिसवर काढलेला काळ यांसारख्या बाबी विचारात घेतल्या जातात. एखाद्या रुग्णाची कहाणी किती हृदयद्रावक आहे, हा निकष नसतो. शेरीच्या प्रयोगात जी मुले ऐकू आली नाहीत, त्यांचे संरक्षण अशा नियमांनी होते.

तरीही निकष कोणते असावेत, हे ठरवताना समानुभूतीची गरज संपत नाही. डायालिसिसवर घालवलेल्या वर्षांना गुण द्यावेत हे सुचण्यासाठी त्या वर्षांत रुग्णाने काय सोसले याची जाणीव असावी लागते. म्हणूनच अनेक अभ्यासक समानुभूतीचा उपयोग गरज ओळखण्यासाठी आणि निःपक्षपाती नियमांचा उपयोग वाटपासाठी, अशी विभागणी सुचवतात. या विभागणीचीही मर्यादा आहे. ज्यांच्यापर्यंत नियम करणाऱ्यांची समानुभूती पोहोचत नाही, त्यांच्या गरजा नियमांतूनही निसटू शकतात. नियम ठरवणाऱ्या मंडळांत विविध समाजघटकांना स्थान असावे, या मागणीचे हे एक कारण आहे.